मार्जिनमध्ये बसवलेले पाय

प्रेसमध्ये मला मार्जिनराव म्हणतात. माझ्या पाठीमागे म्हणतात, पण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणतात. मला त्याचा राग येत नाही. उलट, नावाला जागायची धडपड मी रोज सकाळी दहापासून करत असतो.

माझं काम सांगायला सोपं आहे. लोक चित्रं घेऊन येतात. आजोबांचा फोटो, जुनं प्रमाणपत्र, मुलीने काढलेलं घर, कसलासा नकाशा. मी त्याची छापण्याजोगी पीडीएफ करून देतो. ए-फोर कागद, चारी बाजूंनी एक सेंटिमीटर मार्जिन, चित्र बरोब्बर मध्यभागी, आणि इंचाला तीनशे ठिपके. त्याहून कमी ठिपके असले की छापील चित्र धुकं पडल्यासारखं दिसतं. मोबाइलवर दहा जणांकडून फिरून आलेला, पार आटलेला फोटो आणून कोणी म्हणालं, "हा भिंतीएवढा करून द्या," की मी त्याला समोरच्या स्टुलावर बसवतो आणि नसलेले ठिपके कुठून आणायचे यावर व्याख्यान देतो. गिऱ्हाईक मान डोलावतं आणि पुढच्या वेळी शेजारच्या दुकानात जातं.

हे सगळं हाताने करायचा कंटाळा आला म्हणून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. फोल्डरमध्ये चित्रं टाकायची आणि बटण दाबायचं. प्रोग्रॅम प्रत्येक चित्राभोवतीचा कोरा भाग कापून टाकतो, उरलेलं चित्र मार्जिनला टेकेपर्यंत ताणतो, मध्यभागी बसवतो, पीडीएफ करतो आणि जागा वाचावी म्हणून मूळ चित्र पुसून टाकतो. हा शेवटचा गुण मीच हौसेने घातला होता. बायको या प्रोग्रॅमला सवत म्हणते. ती असंही म्हणते की मी चालतोसुद्धा मार्जिन सोडून, डावा पाय जरा मागे ठेवत, रस्ता सरकारने मला आखून दिल्यासारखा. त्या चालीबद्दल मला थोडा अभिमानच होता. ती बाबांची चाल आहे. लहानपणी मी आरशासमोर तिचा सराव केला होता. डावा पाय किंचित उशिरा उचलायचा, खांदा हलकेच झुकवायचा. साऱ्या गल्लीत तेवढ्या ऐटीत कोणी चालत नसे.

बाबा आमच्याकडेच असतात. आई होती तोवर ते रोज संध्याकाळी पुलापर्यंत चालत जायचे. पुलाच्या अलीकडे एक बाक आहे, त्यावर त्यांचे तीन निवृत्त मित्र बसतात आणि जगाचे निकाल लावतात. आई गेली आणि हळूहळू बाबांचं जाणं कमी झालं. पायाला फोड येतात म्हणायचे. मी नवे बूट आणून दिले, त्यातही फोड आले. मग एकदा औषधाच्या दुकानाच्या पायरीवर ते अडखळून पडले, आणि त्या दिवसापासून सगळे बूट पलंगाखाली गेले. बाबा दुपारभर खिडकीत बसायला लागले. बाकावरचे मित्र दोनदा भेटायला आले, तिसऱ्यांदा त्यांच्याही गुडघ्यांनी नकार दिला.

ताई दुसऱ्या शहरात असते. तिने तिथे मापाचे बूट शिवणाऱ्या एक बाई शोधून काढल्या. त्या नंबर लावून काम घेतात आणि लवकरच दुकान बंद करून मुलीकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. ताईने गोड बोलून बाबांचा नंबर लावला. खरी पंचाईत बाबांना राजी करण्याची होती. "आता कशाला? घरात चपला आहेत की," हे एक वाक्य ते महिनाभर पुरवत राहिले. शेवटी ताईने फोनवर रडून दाखवलं, तेव्हा म्हणाले, "बरं. एकदाच. नाही जमलं तर पुन्हा माझ्या पायांचं नाव काढायचं नाही." बाबा असं म्हणाले की ते तसंच असतं.

बाईंनी सूचना पाठवल्या. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहायचं, प्रत्येक पाय वेगळ्या ए-फोर कागदावर, पेन्सिल सरळ उभी धरून पायाची कड काढायची. टेपने पायाचा घेर मोजून लिहायचा. आणि प्रत्येक कागदावर पायाशेजारी बरोब्बर दहा सेंटिमीटरची रेघ ओढायची.

माप घ्यायला मी पुढे झालो, तर बाबा म्हणाले, "तू बाहेर जा. सूनबाई घेईल." मला बाहेर घालवून दार लावलं. थोड्या वेळाने बायकोने दोन कागद आणि घेरांची चिठ्ठी माझ्या हातात ठेवली.

"हे असेच पाकिटात घालून पाठव ना," ती म्हणाली.

फोनवर ताईही तेच म्हणाली. दोघींची मला कीव आली. "कागद वाटेत चुरगळतो, दुमडतो," मी म्हणालो. "मी पीडीएफ करून पाठवतो. पाच मिनिटांचं काम."

दुसऱ्या दिवशी प्रेसमध्ये मी ते कागद तीनशेवर स्कॅन केले. मी कागद पाहत नाही, स्क्रीन पाहतो, ही माझी जुनी सवय. एकामागून एक काचेवर पालथे घातले आणि उचलून रद्दीत टाकले. स्क्रीनवर पाहतो तर दहा सेंटिमीटरची ती रेघ कडेला लोंबत होती. तिच्यामुळे पाय मध्यभागी येईना, एका बाजूला ढकलल्यासारखा दिसे. मी ती रेघ स्क्रीनवरचा खोडरबर घेऊन दोन्ही पानांवरून पुसली. मग बटण दाबलं.

सुरेख पीडीएफ झाली. डावा पाय एका पानावर, उजवा दुसऱ्यावर, दोघांची टाच खालच्या मार्जिनला आणि अंगठा वरच्या मार्जिनला अगदी टेकलेला. एक बारीकशी गोष्ट मात्र मला खटकली. माझा प्रोग्रॅम शेवटी सांगतो की छापताना इंचाला खरे ठिपके किती पडतील. उजव्या पायाला दोनशे चौऱ्याऐंशी आले आणि डाव्याला दोनशे एकसष्ट. दोन्ही कागद एकाच यंत्रावर, एकाच आकड्यावर स्कॅन केलेले. मग दोन वेगळे आकडे का, असा प्रश्न कोणालाही पडला असता. मलाही पडला. पण तीनशेपेक्षा कमी ही माझ्या दृष्टीने अब्रूची गोष्ट होती, म्हणून मी प्रोग्रॅमला आणखी ठिपके भरायला लावून दोन्हीकडे तीनशे करून घेतले, घेरांच्या चिठ्ठीसकट पीडीएफ बाईंना पाठवली आणि समाधानाने चहाला गेलो. साक्षीदार आपण होऊन बोलायला उठला होता आणि मी त्याला नवा शर्ट घालून खाली बसवलं.

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला.

"तुमच्या चिठ्ठीत डाव्या पायाचा घेर बराच कमी आहे," त्या म्हणाल्या. "पण लांबी दोन्हींची सारखीच दिसतेय. आणि रेघ कुठे आहे?"

"रेघेची गरज नाही," मी म्हणालो. "मी छपाईतलाच माणूस आहे. पीडीएफ अगदी बरोबर आहे."

"नक्की ना? मी नमुन्याचा जोड याच मापावर करते आहे."

"डोळे मिटून करा," मी म्हणालो. आता वाटतं, तिथे तरी निदान 'डोळे उघडे ठेवून' म्हणायला हवं होतं.

नमुन्याचा जोड आला. जाड कापडाचा, स्वस्त तळव्याचा, फक्त माप बघण्यासाठी. बाबांनी तो पायात घालून हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चक्कर मारली. बुटांचा फट्‌फट् आवाज येत होता, एखादा लहान मुलगा बापाचे बूट घालून चालतो तसा. मी आणि बायको आशेने बघत होतो.

"छान आहेत," बाबा म्हणाले. "चालतील."

आणि ते खोलीत गेले. मी जरा वेळाने चहा घेऊन गेलो. दार अर्धवट उघडं होतं. बाबा पलंगावर बसून वर्तमानपत्राचं पान घडी घालून डाव्या बुटाच्या टोकात कोंबत होते. सराईत हाताने. घडी किती जाड हवी, कुठे दुमडायची, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. मी दारात थांबलो ते त्यांना कळलं.

"कागद टिकत नाही," ते म्हणाले, मी काही विचारलं नसताना. "तुझी आई फेल्टची गादी शिवून द्यायची. तिच्या शेवटच्या गादीचा भुगा झाला. तशी मला शिवता येत नाही."

"कशाची गादी?"

"डाव्या पायाची. तो लहान आहे ना." बाबांनी चहा घेतला. "लहानपणी आजारात वाढायचा राहिला. बोटभर आखूड आहे. तुला माहीत आहे की."

मला माहीत नव्हतं. मी त्यांचा मुलगा, त्यांच्याच घरात वाढलेला, आणि मला माहीत नव्हतं. घरात बाबा मोजे घालून असत, बाहेर बूट घालून. आणि ती चाल म्हणजे ऐट अशी माझी पक्की समजूत होती.

मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला विचारलं, "तू माप घेतलंस, तुला दिसलं नाही?"

"दिसलं की. चांगला दोन सेंटिमीटरचा फरक आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तुला माहीत असेल," ती म्हणाली. "वडील तुझे आहेत."

मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि त्या उजेडात मी फार वाईट दिसत होतो. प्रोग्रॅमने काय केलं होतं? मार्जिनला टेकेपर्यंत ताणायचं, हे त्याला मीच शिकवलं होतं. उजवा पाय थोडा ताणला, डावा जास्त ताणला, दोघांना एकाच उंचीवर आणून ठेवलं. लहान पाय जास्त ताणला म्हणून त्याचे ठिपके जास्त विरळ झाले. दोनशे एकसष्ट आणि दोनशे चौऱ्याऐंशी. बाबांच्या पायांमधला फरक माझ्या प्रोग्रॅमने इंचाला ठिपक्यांच्या हिशेबात तोंडावर सांगितला होता. आणि ज्या रेघेवरून बाईंना तो कळला असता, ती मी सौंदर्यदृष्टीने पुसली होती. मूळ स्कॅन प्रोग्रॅमने पुसलेले, मूळ कागद मी रद्दीत घातलेले. इतकी कसून वाट लावायला दुसऱ्या कोणाला आठवडा लागला असता.

बाईंना फोन केला. "मी विचारलं होतं तुम्हाला," एवढंच त्या म्हणाल्या. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. मग म्हणाल्या, "या आठवड्यात खरं माप मिळालं तर खरा जोड करून जाईन. नंतर मात्र दुकान बंद."

आता बाबांकडे पुन्हा पाय मागायचे होते.

"नाही," बाबा म्हणाले. "एकदाच म्हटलं होतं. झालं एकदा."

"बाबा, चूक तुमच्या पायांची नाही. माझी आहे."

"असू दे. मला कागद घालून जमतं."

"तुम्ही पडलात ना तसंच जमवताना."

मी लॅपटॉप आणून ती पीडीएफ त्यांच्यासमोर उघडली. म्हटलं, आपला मूर्खपणा निदान समोर तरी मांडू. दोन्ही पानं शेजारी शेजारी लावली आणि सगळं सांगितलं. ताणलं कसं, रेघ कशी पुसली, आकडे कसे झाकले. बाबांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते चष्मा वर करून स्क्रीनकडे बघत होते, बराच वेळ.

"चांगले दिसतायत रे," ते म्हणाले. "पहिल्यांदाच सारखे झालेत."

मी लॅपटॉप त्यांच्याकडे आणखी जरा सरकवला.

"शाळेत असताना असं कोणी करून द्यायला हवं होतं," बाबा म्हणाले आणि लॅपटॉप मिटला. मग त्यांनी स्वतःच वाकून डावा मोजा काढला. "आण कागद."

या वेळी मी बाहेर गेलो नाही. जमिनीवर गुडघे टेकले, कागद सरळ केला आणि बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यावर पाय ठेवला. मी पहिल्यांदा तो पाय नीट पाहिला. बारीक, गोरा, बोटं एकमेकांना बिलगलेली, टाचेवर फोडांचे जुने डाग. मी पेन्सिल उभी धरून हळूहळू कड काढत गेलो. करंगळीशी पेन्सिल आली तेव्हा बाबा म्हणाले, "गुदगुल्या होतात," आणि दोघेही जरा हसलो. दोन्ही कागदांवर मी पट्टी ठेवून दहा सेंटिमीटरची रेघ ओढली, आणि पुन्हा मोजून पाहिली.

प्रेसमध्ये मी बटणाला हात लावला नाही. तीनशेवर स्कॅन केलं. खरा आकार मिळवायला मोठी विद्या लागत नाही. ठिपक्यांना तीनशेने भागलं की इंच येतात, आणि तेवढ्याच इंचांची जागा पानावर द्यायची, बस. ताणायचं नाही. कडेचा एकेक सेंटिमीटर कोराच होता, तो कापून टाकला. प्रिंटर तिथपर्यंत शाई पोचवतही नाहीत. मोठा पायसुद्धा दोन्ही मार्जिनच्या आत मावत होता. मग पाय आणि रेघ मिळून पानाच्या मध्यभागी सरकवले. सरकवल्याने आकार बदलत नाही, बसवल्याने बदलतो. मार्जिन ही मर्यादा आहे, तिला टेकलंच पाहिजे असं कोणी म्हटलेलं नाही. इतकी वर्षं मी हे दोन्ही एकच समजून लोकांना व्याख्यानं देत होतो. छापून पाहिलं, प्रिंटच्या खिडकीत शंभर टक्के निवडून. रेघेवर पट्टी ठेवली. दहा. डावा पाय लहान आला, उजवा मोठा. दोन पानं शेजारी ठेवली तर बेढब दिसत होती आणि मला फार आवडली.

ताईला पीडीएफ पाठवली. ती घराजवळच्या दुकानातून प्रिंट काढून बाईंकडे नेणार होती. तासाभराने तिचा फोन आला.

"रेघ मोजली मी. नऊ पूर्णांक सात भरतेय."

"दुकानदाराने कागदात बसवून छापलंय. त्याला सांग, खऱ्या आकारात छाप. शंभर टक्के."

मागे काहीतरी बोलाचाली ऐकू आली. "तो म्हणतो, फिट केलं की छान दिसतं."

"त्याला म्हणावं, माझा भाऊही हेच म्हणायचा."

दुसऱ्या प्रिंटची रेघ दहा भरली. ताईने तरी बाईंसमोर पुन्हा मोजली. आमच्या घराण्यात आता कोणाचा माझ्यावर विश्वास राहिलेला नाही, आणि ते बरंच आहे.

खरे बूट आले ते तपकिरी, साधे. बाहेरून दोन्ही जवळपास सारखे दिसत होते, आत मात्र प्रत्येक पायाला त्याची त्याची जागा होती. बाबांनी डाव्यात पाय घातला आणि सवयीने बाजूचं वर्तमानपत्र उचललं. थोडा वेळ ते हातातच राहिलं. मग त्यांनी ते उलगडून वाचायला घेतलं, बूट पायात ठेवूनच.

संध्याकाळी म्हणाले, "चल, पुलापर्यंत जाऊन येऊ."

मी सोबत निघालो. पडले तर धरायला, असं मनात होतं. औषधाच्या दुकानाची ती पायरी आली, बाबा तिच्यावरून चढून उतरून पुढे गेले. कोपऱ्यावर मला जाणवलं की फरशीवर पाऊल घासल्याचा तो ओळखीचा आवाज अजून येतोच आहे. मला वाटलं, पुन्हा माप चुकलं. मी खाली बघितलं. बाबांची दोन्ही पावलं नीट, सारख्या तालात पडत होती.

बाकावरचे तिघे दुरून दिसले. त्यांतल्या एकाने हात वर केला. बाबांनीही केला. मग ते थांबले आणि चष्म्यावरून माझ्या पायांकडे बघू लागले.

"तुझ्या डाव्या पायाला काय झालं रे?" त्यांनी विचारलं. "असा का चालतोस?"